पित्याचा मृत्युदिन आणि विवाहित कन्येचा वाटा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ मध्ये ९ सप्टेंबर २००५ पासून जी दुरुस्ती अमलात आली, तिने मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतःच सहदायाद ठरवले. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मामुळेच हिस्सेदार होणारी आणि त्या हिश्श्याची वाटणी मागू शकणारी व्यक्ती. दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलीबाबत हा नियम समजण्यास अडचण येत नाही. मात्र जिचे लग्न दुरुस्तीच्या कितीतरी आधी झाले आणि जिचा पिताही त्याआधीच वारला, त्या मुलीला या कायद्याचा लाभ मिळतो की नाही, या प्रश्नावर न्यायालयांतही पंधरा वर्षे एकवाक्यता नव्हती, आणि गावागावांतील चावडीवर ती आजही झालेली नाही. या मतभेदाच्या दोन्ही बाजू स्पष्ट व्हाव्यात, म्हणून येथे दोन व्यक्तींचा संवाद कल्पिला आहे. एक आहेत महसूल खात्यातून निवृत्त झालेले मंडल अधिकारी, ज्यांनी हयातभर वारसांचे फेरफार मंजूर केले आणि ज्यांना गावात अण्णा म्हणतात; दुसऱ्या आहेत तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचे दावे चालवणाऱ्या वकीलबाई.

दोघांपुढे ठेवलेले कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे आहे. आजोबा १९४९ साली वारले आणि त्यांची जमीन त्यांच्या एकुलत्या मुलाकडे आली; त्यापैकी १५ एकर आज शिल्लक आहे. हा मुलगा, म्हणजे प्रस्तुत कुटुंबातील पिता, २००१ साली मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. थोरल्या मुलीचे लग्न १९८८ साली झाले, धाकटीचे १९९७ साली. थोरलीने आता वाटणी मागितली आहे.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. “वकीलबाई, बाप २००१ साली गेला त्याच दिवशी वारसाहक्क उघडला आणि त्या दिवशी जो कायदा होता त्याने वाटे ठरले. चार वर्षांनी दिल्लीत कायदा बदलला, म्हणून मेलेल्या माणसाच्या मिळकतीचे वाटे पुन्हा कसे मोडता येतील?”

या आक्षेपाचे मोल कळण्यासाठी २००१ सालचा कायदा काय देत होता, ते आधी पाहावे लागते, आणि वकीलबाईंनीही उत्तराची सुरुवात तेथूनच केली. १९५६ च्या मूळ कलमानुसार सहदायादाच्या मृत्यूनंतर, त्याच्या मागे पत्नी किंवा मुलीसारखी स्त्री-वारस असल्यास, मृत्यूच्या आदल्या क्षणी कुटुंबात वाटणी झाली असे मानले जाई. या मानीव वाटणीत मृताला जो वाटा आला असता तेवढाच त्याच्या वारसांत विभागला जाई. मुंबई प्रांतातील न्यायप्रथेनुसार पिता आणि पुत्र यांच्यात वाटणी होताना पत्नीलाही पुत्राइतका वाटा मिळतो, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुरुपाद मगदूम खटल्यात हे गणित असेच मांडून दाखवले. त्यात महाराष्ट्राने आणखी एक भर घातली होती. २२ जून १९९४ पासून लागू झालेल्या राज्याच्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद केले, परंतु त्या दिवसाआधी जिचे लग्न झाले होते तिला वगळले.

“म्हणजे एकाच आईबापाच्या पोटच्या दोन मुलींमध्ये कायद्याने भेद केला,” वकीलबाई म्हणाल्या. “धाकटी १९९४ साली अविवाहित होती, म्हणून ती सहदायाद झाली, थोरली सहा वर्षे आधी सासरी गेली होती, म्हणून ती बाहेर राहिली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे २००१ सालीच हिशेब बंद झाला असे धरले, तर मानीव वाटणी पिता, पत्नी, दोन मुलगे आणि धाकटी अशा पाच जणांत होते आणि प्रत्येकाला तीन एकर येतात. मग पित्याचे तीन एकर पाच वारसांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी चोवीस गुंठे. थोरलीला चोवीस गुंठे आणि बाकी चौघांना प्रत्येकी तीन एकर चोवीस गुंठे. २००५ ची दुरुस्ती लागू केली, तर मानीव वाटणीत थोरलीही येते, सहा जणांना प्रत्येकी अडीच एकर मिळतात, पित्याचे अडीच एकर पाच वारसांत वीस-वीस गुंठ्यांनी वाटले जातात, आणि प्रत्येकाच्या पदरी सारखेच तीन एकर पडतात.”

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. थोरलीचा वाटा पाचपट होतो, पण ती वाढ केवळ भावांच्या वाट्यातून येत नाही. आई आणि धाकटी बहीण यांचाही प्रत्येकी चोवीस गुंठे जमिनीचा हिस्सा कमी होतो. त्यामुळे अशा कुटुंबांत वाद भाऊ विरुद्ध बहीण इतका सोपा राहत नाही, आणि धाकटी बहीण भावांच्या बाजूने जबाब देते याचे कारण पुष्कळदा या गणितात असते.

गणित मान्य करूनही अण्णा आपल्या मूळ मुद्द्यावरून हटले नाहीत. २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते, की नव्या कलमाचा लाभ घ्यायचा तर ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगी आणि तिचा सहदायाद पिता दोघेही हयात असले पाहिजेत. या निकालावर विसंबून महाराष्ट्रात किती तरी दावे काढून टाकले गेले, हे त्यांनी निदर्शनास आणले. “पाच वर्षे एक कायदा आणि मग दुसरा, अशाने शेतकऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा?” असा त्यांचा सवाल होता, आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. २०१८ साली दानम्मा खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने, पिता २००१ साली वारला असूनही, मुलींना समान वाटा दिला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवती खटल्यातील हयातीची अट चुकीची ठरवली, आणि तेव्हापासून पित्याच्या हयातीचा प्रश्न मिटला आहे.

त्या निकालामागील तर्क मिताक्षरेच्याच भाषेत मांडलेला आहे, आणि म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या या टीकेत दायाचे, म्हणजे नात्यामुळे लाभणाऱ्या मिळकतीचे, दोन प्रकार केलेले आहेत. मालकाच्या मृत्यूनंतरच ज्यावर हक्क निर्माण होतो तो सप्रतिबंध दाय, कारण मालकाचे हयात असणे हाच तेथे अडथळा असतो. आणि पुत्राला पित्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच जो हक्क मिळतो तो अप्रतिबंध दाय, कारण तेथे कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही.

“आता पाहा, अण्णा,” वकीलबाईंनी सांगितले, “नव्या कलमाने मुलीला जन्मतः सहदायाद म्हटले आहे, म्हणजे तिचा हक्क अप्रतिबंध झाला. जो हक्क पित्याच्या मृत्यूने मिळत नाही, तो पित्याच्या मृत्यूने जाईल कसा? पिता २००१ साली वारला की २०११ साली, यावर जन्माने आलेला हक्क अवलंबून राहूच शकत नाही. २००५ साली मुलगी हयात असावी आणि मिळकत तोपर्यंत सहदायकीत, म्हणजे एकत्र, उरलेली असावी, एवढेच पाहायचे.”

अण्णांनी येथे नेमकी खोच काढली. २००१ सालच्या मृत्यूने मानीव वाटणी झालीच होती, तर २००५ साली सहदायकी उरली कोठे? यावर न्यायालयाने दिलेले उत्तर असे आहे, की मानीव वाटणी हे मृताचा वाटा किती होता एवढे मोजण्यापुरते योजलेले कायदेशीर गृहीतक आहे. त्याने कुटुंब प्रत्यक्ष विभक्त होत नाही आणि राहिलेल्या सहदायादांमधील सहदायकी मोडत नाही. मोजणीसाठी काढलेली रेघ म्हणजे शेतात घातलेला बांध नव्हे. वाटपाच्या दाव्यात २००५ पूर्वी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे केवळ कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा निवाडा, झालेला असला आणि प्रत्यक्ष सरसनिरस वाटप करणारा अंतिम हुकूमनामा झालेला नसला, तरीही मुलीचे वाटे त्यात सुधारून घेता येतात, ते याच कारणाने.

यानंतर संवाद जेथे पोचला, तेथे अशा दाव्यांचा निकाल खऱ्या अर्थाने लागतो. “बांध घातला होता,” अण्णा म्हणाले. “दोघा भावांनी २००३ सालीच पंचांसमक्ष वाटणी केली, शंभराच्या मुद्रांकावर लिहून ठेवली, तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार झाला आणि दोघांचे सातबारे वेगळे झाले. गावात वाटण्या अशाच होतात. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कोण जातो? नोंदणी नाही म्हणून ती वाटणी खोटी म्हणणार?”

वाटणी खोटी आहे असे कायदाही म्हणत नाही, हे मान्य करावे लागेल. हिंदू कायद्यात तोंडी वाटणी पूर्वापार वैध आहे. मात्र २० डिसेंबर २००४ रोजी दुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, आणि त्या तारखेपूर्वी झालेली विक्री, मृत्युपत्राने केलेली व्यवस्था किंवा वाटणी यांना नवा कायदा धक्का लावत नाही, असे संरक्षण देतानाच कलम ६ च्या पोटकलम ५ ने वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा असे स्पष्ट केले. मुलीचा दावा येताच मागील तारखेची तोंडी वाटणी पुढे करण्याचा मार्ग बंद करणे हाच यामागील हेतू होता. विनीता शर्मा निकालाने या दाराला एक फट ठेवली: तोंडी वाटणी सार्वजनिक दस्तऐवजांनी सिद्ध होत असेल आणि हुकूमनाम्याने व्हावी तशी ती पूर्णपणे अमलात आलेली दिसत असेल, तर अपवाद म्हणून ती मानता येईल, नुसत्या तोंडी पुराव्यावर मात्र मुळीच नाही.

वकीलबाईंनी त्या फटीची रुंदी याच कुटुंबावर मोजून दाखवली. २००१ साली वारसनोंद झाली तेव्हा भावांची आणि आईची नावे सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी लागली, तर बहिणींची नावे, महाराष्ट्रात सर्रास होते तशी, ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. २००३ च्या वाटणीत आईला काहीच दिले नव्हते, बहिणींच्या इतर हक्कांची नोंद दोन्ही नव्या सातबाऱ्यांवर तशीच उतरली होती, आणि विहिरीचे पाणी व सोसायटीचे पीककर्ज दोघांच्या नावे एकत्र चालू होते. जी वाटणी आईला आणि १९९४ च्या कायद्याने सहदायाद झालेल्या धाकटीला वगळून झाली, ती पूर्ण वाटणी म्हणता येत नाही. अण्णांनी स्वतः असे शेकडो फेरफार मंजूर केले असल्याने एक गोष्ट त्यांनी मोकळेपणाने कबूल केली, की फेरफार हा सारा वसूल करण्यासाठी ठेवलेला हिशेब आहे, त्याने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. इतर हक्कांत नाव असणे हे वाटा दुय्यम असल्याचे लक्षण नाही; उलट बहिणीला मिळकतीतून बाहेर काढलेले नव्हते याचा तो पुरावा ठरतो. वाटपाच्या दाव्याची बारा वर्षांची मुदत, हिस्सेदाराला बाहेर काढल्याचे त्याला समजते तेव्हापासून मोजली जाते, हे ध्यानात घेता त्या रकान्याचे मोल मोठे आहे.

मग अण्णा कायद्याकडून न्यायाकडे वळले, आणि त्यांच्या बोलण्यात कळकळ होती. थोरलीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडली, ती भावांनी सोडवली. आईचे दुखणेखुपणे भावजयांनी काढले. पंधरा एकरांचे पाच तुकडे झाले तर एकाचेही घर शेतीवर चालणार नाही, आणि उद्या जावयाने बहिणीचा तुकडा परक्याला विकला तर विहिरीच्या वाटेवरून रोज भांडण होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

यांपैकी लग्नखर्चाचा मुद्दा टिकत नाही, कारण लग्नात केलेला खर्च हा वाटणीतील हिस्सा मानावा असे कलम ६ कोठेही म्हणत नाही, आणि हुंडा दिला असेल तर तो देणेच १९६१ पासून गुन्हा आहे. पण गहाणाचा आणि कर्जाचा मुद्दा वेगळा आहे, आणि वकीलबाईंनी तो अण्णांच्या बाजूने मांडला. कलम ६ ने मुलीला पुत्राचे हक्क देताना पुत्राची दायित्वेही दिली आहेत. म्हणून एकत्र कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले कर्ज, सोसायटीची थकबाकी, विहीर खोदण्याचा किंवा जमीन सुधारण्याचा खर्च यांचा हिशेब भाऊ वाटपाच्या दाव्यात मागू शकतात आणि तो पाच जणांवर पडतो. हा हिशेब पावत्यांसह मांडण्याऐवजी ‘बहिणीचा हक्कच नाही’ अशी कैफियत देण्यात भावांचेच नुकसान होते, कारण हक्क सिद्ध झाल्यावर हिशेबाची मागणी उशिराची ठरते. परक्याच्या भीतीबाबतही कायद्याने थोडी सोय ठेवली आहे: कलम २२ नुसार वारसाने मिळालेला हिस्सा एखादा वारस विकू पाहील, तर इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. सेवेचा मुद्दा मात्र खरा असूनही त्याची किंमत एकरांत होत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी १९५६ च्याच दुसऱ्या अधिनियमाने मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे, आणि ती पार न पाडणाऱ्याचा हिस्सा त्यामुळे कमी होत नाही.

अण्णांचा सर्वांत बळकट मुद्दा अखेरीस आला, आणि तो वादात बहुधा दुर्लक्षिला जातो. पिता प्राथमिक शिक्षक होता आणि त्याने १९७८ साली पगारातून ३ एकर बागायत विकत घेतली होती. “तीही बहीण वडिलोपार्जित म्हणून मागते आहे,” ते म्हणाले. “बापाच्या नावावरची प्रत्येक जमीन वडिलोपार्जित असते काय?”

नसते, असे वकीलबाईंनी ठामपणे सांगितले. ती जमीन पित्याची स्वकष्टार्जित होती आणि तो ती मृत्युपत्राने एकट्या मुलांना देऊ शकला असता; तसे केले असते तर मुलींना तीत काहीच मिळाले नसते. मृत्युपत्र नसल्यामुळे ती कलम ८ नुसार पत्नी आणि चारही अपत्यांत समान वाटली जाईल, आणि विवाहित मुलीचा हा हक्क २००५ च्या नव्हे तर १९५६ च्या कायद्याचा आहे. याहून सूक्ष्म अडचण पंधरा एकरांच्या उगमाची आहे. आजोबा १९४९ ऐवजी १९६० साली वारले असते आणि ती जमीन त्यांच्या स्वकमाईची असती, तर ती पित्याला कलम ८ खाली वैयक्तिक वारसा म्हणून मिळाली असती आणि त्याच्या मुलामुलींना तीत जन्मसिद्ध हक्क आलाच नसता; १९८६ साली चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. लोकव्यवहारात आजोबांची म्हणून जी वडिलोपार्जित समजली जाते, ती कायद्याच्या अर्थाने सहदायकीची असतेच असे नाही. म्हणून पित्याचा मृत्युदिन शोधण्याआधी जमीन घरात कोणाकडून, कोणत्या साली आणि कशी आली, हे सांगणारा जुना फेरफार शोधला पाहिजे. प्रस्तुत कुटुंबात १९४९ चा वारस फेरफार सापडला, म्हणून थोरलीचा दावा पंधरा एकरांपुरता सहदायकीचा ठरतो आणि तीन एकर बागायतीपुरता वारसाहक्काचा. बागायतीत तिला चोवीस गुंठे मिळतात आणि एकूण हिस्सा ३ एकर २४ गुंठे होतो.

अण्णांचे समाधान पूर्ण झाले नाही. कायदा असा असेल तर तो पाळला पाहिजे, पण २००१ साली वारलेल्याच्या घरात २०२० साली त्याचा अर्थ ठरावा, हे त्यांना पटले नाही, आणि या विलंबाचा दोष बहिणीचाही नाही व भावाचाही नाही, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. या लेखाचा कौल मात्र वकीलबाईंच्या बाजूने आहे. ज्या हक्काला पित्याच्या हयातीची गरज नाही असे विज्ञानेश्वराच्या काळापासून पुत्रापुरते मानले गेले, त्याला केवळ मुलगी म्हणून वेगळी अट लावण्याला कोणताही तर्क उरत नाही.

जिच्यापुढे आज हक्कसोडपत्र ठेवले जात आहे, त्या विवाहित मुलीने एवढे जाणावे. तलाठ्यासमोर दिलेल्या ‘वाटा नको’ अशा जबाबाने स्थावरातील हक्क संपत नाही, कारण त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. पण एकदा स्वेच्छेने सही करून नोंदवलेले हक्कसोडपत्र मोडणे फार कठीण असते. म्हणून सही करण्यापूर्वी जमिनीचा सर्वांत जुना फेरफार, पित्याच्या मृत्यूनंतरची वारसनोंद आणि सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना या तीन गोष्टी तहसील कचेरीतून नकला काढून वाचाव्यात, आणि दावा करायचाच झाला तर आई, सर्व भाऊ आणि सर्व बहिणी यांना पक्षकार करून कुटुंबाच्या सर्व मिळकती त्यात घालाव्यात, कारण एखादी बहीण किंवा एखादा गट बाहेर ठेवलेला वाटपाचा दावा तेवढ्यानेच फेटाळला जाऊ शकतो.